उत्तर आलं नाही, म्हणजे काय झालं? माहिती अधिकाराचं कलम ७ एका पानावर मांडायचं तर असं

समजा, गावातल्या रस्त्याच्या कामावर किती खर्च झाला हे विचारण्यासाठी एकाने माहिती अधिकारात अर्ज टाकला. कार्यालयाने २ जूनला अर्ज घेतला, पोचही दिली. जून गेला, जुलै गेला, उत्तर काही आलं नाही. अर्जदाराला वाटलं, सरकारी काम आहे, लागतो वेळ. सप्टेंबरच्या शेवटी तो चौकशीला गेला तेव्हा त्याला कळलं की अपील करायची मुदत १ ऑगस्टलाच संपली.

गंमत म्हणजे कायद्याचं ते कलम त्याच्या फोनमध्येच होतं. कुणीतरी ग्रुपवर पानाचा फोटो टाकला होता. त्याने तो उघडला, चार ओळी वाचल्या, आणि "नंतर बघू" म्हणून बंद केला.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधलं कलम ७ अवघड आहे, कारण ते एका दमात खूप काही सांगतं. तेच कलम एका पानाच्या पत्रकावर मांडायचं झालं तर काय करावं लागेल, काय वगळावं लागेल आणि कुठे चूक होऊ शकते, ते नीट पाहू.

मूळ परिच्छेदात नेमकं काय आहे?

कलम ७ चा गाभा, त्याच्याच धाटणीत सांगायचा तर साधारण असा होतो:

"कलम ५ व कलम ६ मधील परंतुकांच्या अधीन राहून, विनंती प्राप्त झाल्यावर जन माहिती अधिकारी शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत तीस दिवसांच्या आत, विहित फी भरल्यावर, एकतर माहिती पुरवील किंवा कलम ८ व ९ मधील कारणांवरून विनंती फेटाळील, परंतु मागितलेली माहिती व्यक्तीचे जीवित किंवा स्वातंत्र्य यांच्याशी संबंधित असेल तर ती अठ्ठेचाळीस तासांत पुरवण्यात येईल, आणि विनिर्दिष्ट मुदतीत निर्णय न दिल्यास विनंती नाकारली असल्याचे मानण्यात येईल..."

पुढे जादा फी, दारिद्र्यरेषेखालचे अर्जदार, उशीर झाल्यास मोफत माहिती आणि नकाराची कारणं कळवणं, असं बरंच येतं.

हा परिच्छेद वाईट लिहिलाय असं नाही. तो अधिकाऱ्याच्या टेबलाच्या बाजूने लिहिलाय. अर्ज आला की अधिकाऱ्याने काय करायचं, हा त्याचा क्रम. अर्जदार टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा असतो आणि त्याचे प्रश्न वेगळे असतात. किती दिवस थांबू? पैसे मागितले तर काय? उत्तरच आलं नाही तर?

म्हणजे वाक्यं छोटी करून काम संपत नाही. क्रमच उलटा लावावा लागतो, कायद्याच्या पोटकलमांऐवजी अर्जदाराच्या दिवसांप्रमाणे.

आधी तुकडे पाडायचे

परिच्छेदाची एक प्रत काढायची आणि पेन्सिल घेऊन बसायचं. प्रत्येक तुकड्यावर एक खूण करायची. मुख्य नियम कुठला, अट कुठली, अपवाद कुठला, परिणाम कुठला आणि "दुसरीकडे बघा" असं सांगणारा दुवा कुठला.

कलम ७ मध्ये मुख्य नियम एकच आहे, ३० दिवसांत उत्तर. अपवाद आहे ४८ तासांचा. परिणाम दोन आहेत. मुदतीत निर्णय नाही, तर नकार समजला जातो. आणि मुदत पाळली नाही, तर नंतर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते, म्हणजे प्रतींचे पैसे घेता येत नाहीत. अट आहे फीची. बाकी "कलम ८ व ९", "विहित फी" हे दुवे.

पत्रक बिघडायला सुरुवात या दुव्यांपासूनच होते. "विहित फी" असं पत्रकात लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण रक्कम या कलमात नाही, ती नियमांत आहे. ती शोधून आणायची. अर्जाची फी १० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ती लागत नाही. पहिल्या अपिलाचं मात्र वेगळं आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे अपील असेल तर फी नाही. महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयाकडे असेल तर २० रुपये. पत्रक कुठल्या कार्यालयासाठी आहे हे आधी ठरवलं नाही, तर हीच ओळ चुकते.

अपिलाची मुदतही कलम ७ मध्ये नाही, ती कलम १९ मध्ये आहे. पण अर्जदाराला ती नसेल तर पत्रकाचा उपयोग नाही. म्हणून "एका परिच्छेदाचं पत्रक" करताना शेजारच्या कलमातली एखादी ओळ आणावीच लागते.

मथळा म्हणजे लेबल नव्हे

बहुतेक पत्रकांवर मथळे असे असतात: कालमर्यादा, शुल्क, अपील. दिसायला नीटनेटके, पण त्यातून काही समजत नाही. "कालमर्यादा" वाचून वाचणाऱ्याला एवढंच कळतं की खाली कुठेतरी मुदत लिहिली आहे.

त्याऐवजी मथळ्यातच उत्तर द्यायचं. "उत्तर ३० दिवसांत" हा मथळा नुसता वाचला तरी काम झालं. "पैसे मागितले तर दिवस थांबतात" हा दुसरा. चार ते सात शब्द पुरेत, आणि त्यात शक्यतो आकडा किंवा क्रियापद असावं.

मथळे जमलेत का, हे बघायला सोपी कसोटी आहे. खालचा सगळा मजकूर हाताने झाकायचा आणि फक्त मथळे वाचायचे. त्यावरून अर्जदाराने काय करायचं हे कळत असेल तर मथळे बरोबर. नुसते विषय कळत असतील तर ती अनुक्रमणिका झाली.

चौकटीत काय टाकायचं?

पत्रक बनवणाऱ्याला सगळंच महत्त्वाचं वाटतं. मग एका पानावर सहा चौकटी येतात, चार रंग येतात, उद्गारचिन्हं येतात. सगळीच ओरडायला लागली की कुणाचंच ऐकू येत नाही.

एक नियम ठेवता येतो. जी गोष्ट नजरेतून सुटली तर माणसाचं नुकसान होतं, फक्त तीच चौकटीत. बाकी साध्या ओळीत.

या कसोटीवर कलम ७ मधून पहिली चौकट सहज ठरते: मुदतीत उत्तर न येणं म्हणजेच नकार. वरच्या अर्जदाराचं नुकसान इथेच झालं. तो नकाराच्या पत्राची वाट बघत बसला. कायद्याच्या हिशोबात २ जुलै संपताच नकार मिळालेला होता आणि अपिलाचे ३० दिवस आपोआप सुरू झाले होते. तशी कुणी नोटीस पाठवत नाही.

दुसरी चौकट जादा फीच्या दिवसांची. कागदपत्रांच्या प्रती द्यायच्या तर कार्यालय हिशोब करून पैसे कळवतं. ते पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरले जात नाहीत. पत्र अर्जदाराच्या हातात कधी पडलं ते इथे बघत नाहीत, ते कार्यालयातून कधी निघालं ते बघतात. ही बारीक गोष्ट हमखास सुटते.

४८ तासांचा अपवाद चौकटीत घ्यायचा का? तो अर्जदाराच्या फायद्याचा आहे, पण फार थोड्या अर्जांना लागू होतो. तो चौकटीत ठळक दिसला की रस्त्याच्या खर्चाच्या अर्जावरही लोक "४८ तासांत द्या" असं लिहू लागतात. म्हणून तो साध्या ओळीत, अटीसकट.

तारखांचं उदाहरण टाकल्याशिवाय पत्रक पुरं होत नाही

"मुदत संपल्यापासून ३० दिवसांत" हे वाक्य बरोबर आहे, पण माणूस वाक्याने हिशोब करत नाही, कॅलेंडर बघून करतो. म्हणून पानावर एक उदाहरण हवं.

अर्ज २ जूनला मिळाला. उत्तराची मुदत २ जुलै. उत्तर नाही, तर पहिलं अपील १ ऑगस्टपर्यंत.

आता जादा फीचं. कार्यालयाने १२ जूनला फीचं पत्र पाठवलं आणि अर्जदाराने २२ जूनला पैसे भरले. मधले १० दिवस वगळायचे. म्हणून उत्तराची मुदत १० दिवसांनी पुढे, १२ जुलैला जाते. हे दोन हिशोब शेजारी शेजारी ठेवले की नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तयार पान असं दिसेल

> माहिती अधिकार: अर्ज दिला, आता पुढे काय?
>
> उत्तर ३० दिवसांत
> कार्यालयाला अर्ज मिळाला त्या तारखेपासून मोजा. म्हणून पोच घ्या आणि जपून ठेवा. माहिती एखाद्याच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर मुदत ४८ तास.
>
> नकार दिला तर कारण लिहून द्यावं लागतं
> कारण, अपील कुठे करायचं आणि किती दिवसांत करायचं, या तिन्ही गोष्टी पत्रात असायला हव्यात.
>
> ▌उत्तर आलंच नाही? तो नकारच आहे. वाट बघू नका, अपिलाचे दिवस सुरू झालेत.
>
> पैसे मागितले तर दिवस थांबतात
> प्रतींच्या खर्चाचं पत्र आलं तर लवकर भरा.
>
> ▌पत्र कार्यालयातून निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत.
>
> मुदत चुकवली तर माहिती मोफत
> कार्यालयाने मुदत पाळली नाही तर नंतर दिलेल्या माहितीचे पैसे घेता येत नाहीत.
>
> पहिलं अपील ३० दिवसांत
> नकाराचं पत्र मिळाल्यापासून, किंवा उत्तर आलं नसेल तर मुदत संपल्यापासून. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयासाठी फी २० रुपये.
>
> उदाहरण
> अर्ज मिळाला: २ जून
> उत्तराची मुदत: २ जुलै
> अपिलाची मुदत: १ ऑगस्ट
>
> *हे पान महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे. अर्ज सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल, किंवा तो दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवला गेला असेल, तर दिवस वेगळे मोजतात. आधार: माहितीचा अधिकार अधिनियम, २००५, कलमे ७ व १९.*

शेवटच्या लहान ओळींकडे दुर्लक्ष करू नये. पत्रक कुणाला लागू आहे आणि कुणाला नाही, हे त्याच सांगतात. सहायक अधिकाऱ्याकडे अर्ज दिला तर मुदतीत ५ दिवस जास्त धरले जातात. पण तो हिशोब पानावर मांडला असता तर मुख्य हिशोबात गोंधळ झाला असता. म्हणून "वेगळे मोजतात" एवढी सूचना पुरते. त्या ओळीशेजारी पत्रक तयार केल्याची तारीखही टाकावी. फी बदलली की जुनं पान फिरत राहतं, आणि तारीख असेल तरच ते जुनं आहे हे कळतं.

छोटं करताना खोटं कसं होतं?

सोशल मीडियावर एक ओळ बऱ्याचदा दिसते: "३० दिवसांत माहिती दिली नाही तर अधिकाऱ्याला २५ हजार दंड." ओळ सुटसुटीत आहे, पण अर्धवट आहे.

कलम २० प्रमाणे दंड दिवसाला २५० रुपये आहे आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये. तो माहिती आयोग लावतो, पहिलं अपील ऐकणारा अधिकारी नाही. त्याआधी संबंधित अधिकाऱ्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. उशिराला वाजवी कारण असेल तर दंड होत नाही. आणि दंडाची रक्कम अर्जदाराला मिळत नाही.

ही पोस्ट वाचून माणूस ३१ व्या दिवशी कार्यालयात दंड मागायला जातो. खरं तर त्या दिवशी त्याने पहिल्या अपिलाचा कागद लिहायला बसायला हवं. म्हणजे चूक नुसती तपशिलाची राहत नाही, माणूस चुकीच्या दाराशी जाऊन उभा राहतो.

अशी चूक पकडायला तयार पान मूळ परिच्छेदाशेजारी ठेवायचं आणि चार प्रकारचे शब्द शोधायचे. "तर", "परंतु", "पासून" आणि "पर्यंत". मूळ मजकुरात यातला शब्द आहे आणि पत्रकात त्याची जागा रिकामी आहे, तिथे एक अट गळालेली असते. "३० दिवसांत उत्तर" लिहिलं आणि "अर्ज मिळाल्यापासून" गळालं, की एकजण अर्ज लिहिलेल्या तारखेपासून मोजतो, दुसरा टपालात टाकल्यापासून.

तसंच "द्यावी लागते" आणि "देता येते" यांची अदलाबदल होऊ द्यायची नाही. मुदत चुकली तर मोफत माहिती द्यावीच लागते. उशिरा आलेलं अपील मात्र पुरेसं कारण असेल तर दाखल करून घेता येतं, ते अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. वरच्या अर्जदाराला सप्टेंबरमध्ये एवढाच रस्ता उरला होता. पहिल्यात हक्क आहे, दुसऱ्यात विनंती.

कागद आणि फोन या दोन वेगळ्या जागा

ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. उभ्या धरलेल्या फोनची स्क्रीन साधारण ७० मिलिमीटर. म्हणजे तेच पान फोनवर तिपटीने लहान दिसतं आणि १२ पॉइंटची अक्षरं ४ पॉइंटची होतात. भिंतीवर छान दिसणारं पत्रक ग्रुपवर वाचलं जात नाही, त्याचं कारण हे.

उपाय सोपा आहे. कागदासाठी एक पान, आणि फोनसाठी तोच मजकूर कागदाच्या चौथाई आकारात तीन-चार पानी पीडीएफ. ग्रुपवर फोटो म्हणून टाकला तर तो दाबला जातो आणि अक्षरांच्या कडा फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसाच पोचतो.

मराठी मजकुराची आणखी एक गरज असते. वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. अक्षराच्या दीडपट अंतर ठेवलं की मात्रा एकमेकींना भिडत नाहीत. जागा वाचवायला ओळी जवळ आणण्यापेक्षा एक वाक्य काढून टाकलेलं बरं. ठळकपणासाठी जाड अक्षर वापरावं, तिरकं देवनागरी वाचायला त्रास देतं. आणि फॉन्ट युनिकोड असावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे पेस्ट केला की त्याची चिन्हांची खिचडी होते.

चौकटीला गडद रंग भरण्याऐवजी जाड कडा द्यावी. अशी पानं शेवटी झेरॉक्सच्या दुकानातून काळी-पांढरी होऊनच गावभर जातात. रंगीत पट्टीवरची अक्षरं तिथे काळ्यात बुडतात, आणि नेमकी चौकटच वाचता येत नाही. छापण्याआधी एक झेरॉक्स काढून बघितली की हे लगेच दिसतं.

शेवटची परीक्षा

"समजलं का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा पान एखाद्या अनोळखी माणसाच्या हातात द्यावं आणि एक गणित घालावं: "अर्ज कार्यालयाला १० मार्चला मिळाला. उत्तर नाही. अपील कधीपर्यंत?"

उत्तराची मुदत ९ एप्रिल, अपिलाची ९ मे. माणसाने पान बघून ९ मे सांगितलं, तर पत्रक जमलं. त्याने ९ एप्रिल सांगितलं, तर दोन मुदती एकमेकांत मिसळल्या आहेत, त्या मथळ्यांत आणखी वेगळ्या कराव्या लागतील. आणि तो म्हणाला की "आधी त्यांचं पत्र तर येऊ दे", तर पहिली चौकट त्याच्या नजरेत भरलीच नाही. ती पानावर आणखी वर घ्यायची आणि पुढच्या माणसाला तेच गणित घालायचं.